ऑफसाइटचं दारू-धोरण: मोठ्या माणसांना उपदेश वाटणार नाही असं कसं लिहावं?

पाऊसवेडी
आमची चाकणची वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. ऑफिसातले आणि शॉप फ्लोअरवरचे मिळून साधारण सत्तर जण पुढच्या महिन्यात कर्जतच्या एका रिसॉर्टवर ऑफसाइटला जातोय. शुक्रवारी रात्री पार्टी आहे आणि तिथे बार असणार. त्यासाठी एक पानी धोरण लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आधीच्या सल्लागाराने दिलेला मसुदा असा:

"कर्मचाऱ्यांनी मद्यपान जबाबदारीने व मर्यादेत करावे. कंपनीच्या प्रतिष्ठेस बाधा येईल असे वर्तन टाळावे. महिला सहकाऱ्यांशी सभ्यतेने वागावे. नियमभंग करणाऱ्यांवर योग्य ती कारवाई होईल."

दोन टीम लीडना दाखवला. एक म्हणाला, शाळेच्या सहलीची सूचना वाटते. दुसरी म्हणाली, महिलांबद्दलचं वाक्य वाचून आपण कुणीतरी वेगळ्या, जपून ठेवायच्या वस्तू आहोत असं वाटतं. दोघांचंही पटलं. पण काहीच न लिहिणंही बरोबर नाही. मागच्या वेळी एक जण रात्री साडेबाराला गाडी काढून पुण्याला निघाला होता, चौघांनी मिळून किल्ली काढून घेतली. आणि एका नव्या मुलीला तिचा सीनियर रात्रभर "एक तरी घे" म्हणत होता. तिने तक्रार केली नाही, पण या वर्षी ती येत नाहीये.

कुणी असं धोरण लिहिलंय का, जे लोकांनी वाचलं आणि मानलं?

कोथरूडचा_काका
दारू ठेवायचीच कशाला? कंपनीच्या पैशाने पाजायची आणि मग नियम लिहायचे. आमच्या वेळी वार्षिक स्नेहसंमेलनाला मसालेदूध असायचं आणि मजाही यायची. सरळ बंद करा.

पाऊसवेडी
काका, ठेवायची की नाही हे वर ठरलंय. आणि बारशिवायची ऑफसाइट आम्ही एकदा केली होती, तेव्हा लोक डिकीत बाटल्या घेऊन आले आणि सगळं खोल्यांमध्ये झालं. माझा प्रश्न फक्त लिहायचं कसं हा आहे.

जुना_अॅडमिन
मी बरीच वर्षं अशाच कंपन्यांची अॅडमिनची कामं बघितली आहेत. तुमच्या मसुद्यातली पहिली तीन वाक्यं कर्मचाऱ्याने काय करावं हे सांगतात, चौथं कारवाईची धमकी देतं. कंपनी त्या रात्री काय करणार हे एकाही वाक्यात नाही. उपदेश वाटतो तो त्यामुळे. लोकांना शहाणपण सांगू नका, व्यवस्था सांगा. जेवण किती वाजता, बार कधी बंद, गाडी कुठे उभी, फोन कुणाला करायचा. पानाचा तीन चतुर्थांश भाग हाच असू द्या.

आणि आधी ती व्यवस्था खरंच करा. आपल्याकडच्या पार्ट्यांचं गणित कुठे बिघडतं सांगतो. बार साडेसातला सुरू होतो, साहेबांची भाषणं, मग बक्षिसं, मग डीजे, आणि जेवण साडेदहाला. तोपर्यंत पोटात शेंगदाणे, चिवडा आणि मसाला पापड. रिकाम्या पोटी दारू भराभर चढते, शिवाय खारट चखण्याने तहान वाढते. त्यापेक्षा सातला पोटभरीचा नाश्ता लावा. वडे, कबाब, पनीर, उकडलेली अंडी, काहीही, पण पोटात जाईल असं. बार साडेसातला, जेवण नऊला, शेवटची ऑर्डर साडेदहाला, बार अकराला बंद आणि जेवण मात्र साडेअकरापर्यंत चालू. भाषणं बार उघडण्याआधी उरकून घ्या. एवढ्याने अर्धी भांडणं होतच नाहीत.

दुसरी गोष्ट, रिसॉर्टवाला तुम्हाला माणशी दराने 'दोन तास अनलिमिटेड' देऊ करेल. घेऊ नका. वेळ संपत आली की लोक दोन-दोन ग्लास एकदम भरून घेतात. जेवढं लागेल तेवढ्याचं बिल करा आणि बारवाल्याला सांगा की मागितल्याशिवाय लार्ज ओतायचा नाही, पेग ३० मिलीच्या मापानेच मोजायचा.

हिशेबनीस
अंदाज घेऊन ओतणं हेच बिल फुगण्याचं कारण असतं, हे मी खात्याच्या बाजूने सांगतो. पण अॅडमिनसाहेब, लोकांना बियर म्हणजे हलकी वाटते. "मी फक्त बियरच घेतली" हे वाक्य मी दर पार्टीत ऐकतो.

जुना_अॅडमिन
बरोबर पकडलंत. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असतं. ३० मिलीच्या स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. ६५० मिलीची स्ट्राँग बियर ८ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे एका बाटलीत ४० ग्रॅम. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार स्मॉल. माइल्ड घेतली, ५ टक्क्यांची, तरी अडीच स्मॉल झाले.

शरीर ढोबळ मानाने तासाला एक स्मॉल निपटवतं. माणसागणिक फरक पडतो, पण लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ याने हा वेग वाढत नाही. आता एक जण धरा, ज्याने साडेसातपासून दोन स्ट्राँग बाटल्या आणि वर दोन लार्ज घेतले. आठ आणि चार, बारा स्मॉल. त्याचं रक्त पूर्ण स्वच्छ व्हायला सकाळचे साडेसात वाजतात. म्हणजे रात्री गाडी न चालवणं पुरेसं नाही. शनिवारी सकाळी सहाला 'मी पुढे निघतो' म्हणणारा माणूसही धोक्यात असतो, फक्त त्याला झोप झाल्यामुळे तसं वाटत नाही. मोटार वाहन कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही हद्द आहे आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून सकाळचा ट्रेक सातला ठेवू नका, आणि परतीची बस जेवणानंतर सोडा.

मुद्द्याचं_बोला
एक मत. रात्री आठनंतर, ऑफिसच्या बाहेर, रिसॉर्टवर माणूस काय करतो हा त्याचा खासगी प्रश्न आहे. कंपनीचा अधिकार ऑफिसच्या वेळेपुरता. परवाना वगैरे रिसॉर्ट बघतं. धोरण लिहून कंपनी उगाच स्वतःवर जबाबदारी ओढवून घेते. न लिहिणंच कायद्याने सुरक्षित.

समितीवरची_बाहेरची
मी वकील आहे आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या दोन कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य आहे. वरच्या प्रतिसादातलं परवान्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रिसॉर्टकडे परमिट रूमचा परवाना असेल तर ती डोकेदुखी त्यांची. पण बरीच फार्महाऊस आणि छोटी रिसॉर्टं सांगतात, "दारू तुमची तुम्ही आणा, ग्लास-बर्फ आम्ही देतो." विनापरवाना जागेत असं चाललं तर मालकावर आणि तिथे पिणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते. तेव्हा बुकिंगच्या आधी परवान्याची प्रत मागा. जागेचा परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून कार्यक्रमापुरता एका दिवसाचा परवाना काढता येतो.

खासगी मामला हे मात्र चूक आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही. कामाच्या निमित्ताने जिथे जिथे जाल ती जागा त्यात येते, आणि कंपनीने दिलेली वाहतूकसुद्धा. कर्जतचं रिसॉर्ट आलं, तिथली तुमची बस आली. रात्री अकरा वाजता डान्स फ्लोअरवर घडलेल्या गोष्टीची तक्रार समितीला घ्यावीच लागते. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण सबळ असेल तर आणखी तीन वाढवता येते.

आता लिहिण्याबद्दल. दारू आणि वागणूक हे दोन विषय धोरणात वेगळे ठेवा, एकाच वाक्यात बांधू नका. "मद्यपान करून गैरवर्तन करू नये" असं लिहिलं की दोन गोष्टी होतात. ज्याच्यावर आरोप आहे तो म्हणतो, "मी प्यायलो होतो, मला आठवत नाही," आणि आजूबाजूचे त्याला सवलत देतात. आणि जी तक्रार घेऊन येते तिला पहिला प्रश्न येतो, "तू किती घेतली होतीस?" मी समितीत हा प्रश्न ऐकलेला आहे, आणि विचारणारी माणसं वाईट नव्हती. दारूबद्दलच्या नियमाच्या चष्म्यातून ती घटनेकडे बघत होती, एवढंच. मुलीला वाटलं, आपणच नियम मोडला, आता आपल्यालाच ऐकून घ्यावं लागणार. तिने तक्रार मागे घेतली.

म्हणून एक वाक्य सरळ लिहा: तक्रार करणाऱ्याने दारू घेतली होती की नाही, याचा तक्रार स्वीकारण्याशी काही संबंध नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने घेतली असेल, तर तो बचाव धरला जाणार नाही. हे वाक्य कुणालाही उपदेश वाटत नाही, कारण ते कंपनी स्वतः कसं वागेल हे सांगतं.

आणि 'महिला सहकाऱ्यांशी' काढून टाका. कायद्याखाली तक्रार महिलांनाच करता येते, पण कंपनीचं धोरण सगळ्यांसाठी असू शकतं. पुरुषांनाही त्रास होतो. नवीन मुलाला सगळ्यांसमोर बाटली तोंडाला लावायला लावणं मी पाहिलंय.

ट्रेनी_२४
मी थोडं स्वतःचं विचारतो. माझं वय २४. मुंबईतल्या पार्टीत एचआरने माईकवर जाहीर केलं की "ट्रेनी बॅचने बारकडे जायचं नाही." सगळे हसले. मला वाटतं २१ पूर्ण असलं की चालतं ना? मग आम्हाला वेगळं काढायचं काय कारण?

समितीवरची_बाहेरची
महाराष्ट्रात २१ ला बियर आणि वाईन चालते. व्हिस्की, रम, व्होडका यांसाठी २५ लागतात. म्हणजे तुम्ही बियर घेऊ शकत होतात, पेग नाही. शिवाय पिण्याचा परवाना नावाची गोष्ट इथे अजूनही आहे, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. एक दिवसाचा परमिट रूमवालाच नाममात्र पैशात फाडतो.

माईकवर सांगितलं ते चुकलंच. हा कायदा आहे, तुमच्या शहाणपणावरची शंका नाही. तो आधीच, लेखी, सगळ्या सत्तर जणांना एकाच ओळीत जायला हवा: "महाराष्ट्राच्या कायद्यानुसार बियर-वाईन २१ व इतर मद्य २५ वर्षांपुढे, बारवर वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो." मग बारवर कार्ड मागितलं तर ते मॅनेजरलाही मागतील.

मडगावचो_दर्यावर्दी
गोव्यात येणाऱ्या टीमसाठी सांगतो. इथे १८ पुरे, त्यामुळे तुमच्या ट्रेनी बॅचला इथे पेग चालतो आणि तिकडे चालत नाही. एकच धोरण दोन्हीकडे चिकटवू नका, राज्याचं नाव घालून लिहा. दुसरं, परतताना स्वस्त म्हणून बसमध्ये पेट्या भरतात आणि बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले उतरवतात. महाराष्ट्रात ती दारू विनापरवाना ठरते. बस कंपनीच्या नावाने बुक असते, तेव्हा अडकते ती कंपनी. आणि कृपा करून भाड्याच्या स्कूटरींबद्दल एक ओळ लिहा. रात्रीची ती खरी भीती.

न_पिणारी
माझं म्हणणं बारपलीकडचं आहे. मी घेत नाही, कधीच घेतली नाही. प्रत्येक ऑफसाइटला मला कारण द्यावं लागतं. उपवास, औषध चालू आहे, गाडी चालवायची आहे. खरं कारण एवढंच की मला नको. धोरणात "कुणावरही जबरदस्ती करू नये" लिहिलेलं असतं, पण जबरदस्ती कुणी करतच नाही. ते प्रेमाने आग्रह करतात, आणि आग्रह करणारा माझं अप्रेझल लिहितो.

मागच्या कंपनीत एकीने छान व्यवस्था केली होती. वेटर ट्रे घेऊन फिरायचे, त्यात कोकम सरबत, सोडा-लिंबू आणि मद्य सगळं एकाच आकाराच्या ग्लासात. बार काउंटरवरही तसंच. कुणाच्या हातात काय आहे हे लांबून कळायचंच नाही. त्या रात्री मला कुणी काही विचारलं नाही. याआधी न पिणाऱ्यांना कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि कागदी ग्लास मिळायचे.

हिशेबनीस
हे मान्य. आणि सोपं आहे, खर्चही फारसा नाही. आता माझा प्रश्न, माणशी कुपनं द्यायची का? तीन कुपनं, तीन पेग, विषय संपला. बिलावर ताबा राहतो.

जुना_अॅडमिन
मी कुपनांच्या विरोधात आहे. न पिणाऱ्यांची कुपनं पिणाऱ्यांच्या खिशात जातात, आणि ज्याने पाच गोळा केली तो ती वाया जाऊ देत नाही. वर चाळिशीतल्या माणसाला हातात तीन कुपनं देणं हाच तो उपदेश, फक्त कागदाच्या रूपात.

हिशेबनीस
आमच्याकडे कुपनांवर नावं छापली होती, त्यामुळे अदलाबदल झाली नाही. अपमान वाटल्याचं कुणी बोललं नाही. उलट "माझी संपली" म्हणून आग्रहातून सुटका झाली असं दोघांनी सांगितलं. मला तरी हे पूर्ण चूक वाटत नाही.

न_पिणारी
सुटकेचं कारण कुपनाने द्यावं लागतं, हे मला खुपतं. पण ज्यांना उपयोग झाला त्यांचं खोटं कसं म्हणू.

पाऊसवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. कुपनांचं मी नाही घेत, बाकी बरंच घेतलं. नवा मसुदा टाकते, चिरफाड करा.

"शुक्रवारची संध्याकाळ अशी असेल. भाषणं व बक्षिसं ६ ला. नाश्ता ७ ला, बार ७.३० ला, जेवण ९ ते ११.३०. बारवर शेवटची ऑर्डर १०.३० ला, बार ११ ला बंद. मद्य आणि सरबतं एकाच काउंटरवर, एकाच ग्लासात मिळतील. पेग ३० मिलीचा असेल.

बार उघडताच स्विमिंग पूल बंद होईल, कारण रात्री तिथे जीवरक्षक नसतो. तो शनिवारी सकाळी ९ ला उघडेल.

महाराष्ट्राच्या कायद्यानुसार बियर-वाईन २१ व इतर मद्य २५ वर्षांपुढे. बारवर वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो.

सगळ्यांची मुक्कामाची सोय आहे. कुणाला रात्रीच घरी जायचं असेल तर ड्रायव्हरसह दोन गाड्या रात्री १ पर्यंत गेटवर असतील. त्यासाठी परवानगी किंवा कारण लागणार नाही, खर्च कंपनीचा. स्वतःच्या गाडीने आलेल्यांनी किल्ली रिसेप्शनवर ठेवली तर ती शनिवारी नाश्त्यानंतर मिळेल.

त्या रात्री दोन जण मद्य घेणार नाहीत आणि फोनवर उपलब्ध असतील: ऑपरेशन्सचे प्रमुख आणि मी. बरं वाटत नसेल, कुणाची सोबत हवी असेल, कुणाच्या वागण्याचा त्रास होत असेल, तर कितीही वाजता फोन करा.

ऑफसाइट ही आपली कामाचीच जागा आहे. ऑफिसात जे चालणार नाही ते इथेही चालणार नाही, आणि हे संचालकांपासून सगळ्यांना लागू आहे. तक्रार करणाऱ्याने मद्य घेतलं होतं की नाही, याने तक्रार स्वीकारण्यात फरक पडणार नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने घेतलं असेल, तर तो बचाव धरला जाणार नाही. समितीच्या सदस्यांचे फोन खाली दिले आहेत."

समितीवरची_बाहेरची
चांगलं झालंय. एकच बदल. दोन न पिणाऱ्यांपैकी एक ऑपरेशन्सचे प्रमुख आहेत. त्रास त्यांच्याच टीमच्या मॅनेजरचा असेल तर मुलगी त्यांना फोन करणार नाही. दुसरा माणूस वेगळ्या विभागाचा घ्या, किंवा तिसरं नाव जोडा. आणि या मंडळींना खरंच जागं राहावं लागतं. सोमवारी त्यांना सुट्टी द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी तयार होत नाही.

जुना_अॅडमिन
किल्लीचं ऐच्छिक ठेवलंत ते योग्य. फक्त ज्या संचालकाची गाडी सगळ्यात महाग आहे, त्याला संध्याकाळी सातला सगळ्यांसमोर किल्ली ठेवायला सांगा. बाकीच्यांच्या आपोआप येतात. आणि गाड्यांचं बुकिंग आगाऊ करा. कर्जतच्या बाहेरच्या रिसॉर्टांवर रात्री अकरानंतर अॅपवरून गाडी मिळत नाही, मोबाइलची रेंजही पुरी नसते. फोन नंबर दिलेत, पण लागला नाही तर? तुमच्या दोघांच्या खोल्यांचे क्रमांकही त्या पानावर घाला.

मुद्द्याचं_बोला
वाहतूकसुद्धा कायद्यात येते हे मला नव्याने कळलं, ते मान्य. पण मसुद्यात एक मोठी जागा रिकामी आहे. बार अकराला बंद, पुढे काय? दहा जण एका खोलीत जमणार, डिकीतली बाटली निघणार. तुम्हीच सांगितलंत की आधी तसं झालंय.

पाऊसवेडी
खरंय. लिहावं की नाही यावर इथे आमचंच एकमत नाही. "खोल्यांमध्ये मद्यपान करू नये" लिहिलं तर ते तपासणार कोण, दारं वाजवणार कोण?

जुना_अॅडमिन
मी लिहीत नाही. जो नियम पाळून घेता येणार नाही तो कागदावर असला की बाकीच्या नियमांचंही वजन जातं. मी अकरानंतर लॉनवर शेकोटी, चहा आणि मॅगी ठेवतो. सगळे नाही, पण निम्मे तिथे येतात.

समितीवरची_बाहेरची
मी लिहिते, पण बंदी म्हणून नाही. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच पार्टीनंतरच्या खोलीतल्या होत्या, डान्स फ्लोअरवरच्या कमी. म्हणून एवढंच: "खोलीतही हेच धोरण लागू आहे, आणि कुणाच्याही खोलीत जाणं हा कार्यक्रमाचा भाग नाही. कुणी, विशेषतः वरिष्ठाने, बोलावलं तरी नाही म्हणता येतं." तेवढ्याने नव्या मुलांना एक आधार मिळतो.

ट्रेनी_२४
हे दुसरं वाक्य कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं आम्हाला.

हिशेबनीस
मला त्यात 'विशेषतः वरिष्ठाने' खटकतं. चांगले मॅनेजरही वाचणार आहेत, सगळ्यांकडे बोट दाखवल्यासारखं होतं.

न_पिणारी
मला तेच दोन शब्द हवे आहेत. बाकीचं वाक्य त्यांच्याशिवाय कुणालाच उद्देशून नाही.

पाऊसवेडी
मॅगी आणि शेकोटी नक्की. ते दोन शब्द कंसात ठेवून सोमवारी संचालकांसमोर मसुदा नेते. काय ठरतं ते इथे लिहीन.